ऑफर लेटरच्या फोटोवरून मराठी करताना प्रोबेशन, नोटीस आणि बोनसची कलमं कशी सांभाळायची

प्रश्न: "भावाला चाकणच्या एका कंपनीचं ऑफर लेटर आलंय, डिप्लोमा मेकॅनिकल झालाय त्याचा. लेटर इंग्रजीत आहे, घरात कुणाला तेवढं इंग्रजी येत नाही. मोबाईलने फोटो काढून ॲपवर मराठी केलं पण नोटीस, प्रोबेशन आणि बोनसचं नीट कळत नाहीये. फोटो आणि ते मराठी दोन्ही टाकलंय. शुक्रवारपर्यंत सही करून द्यायचीय. हे मराठी वाचून सही केली तर चालेल का?"

नाही, या मराठीच्या भरवशावर सही करू नका. पण घाबरायचंही कारण नाही, शुक्रवारपर्यंत हे काम आरामात होतं. मी पुण्यात शिवाजीनगर कोर्टाच्या आसपास बरीच वर्षं कायदेशीर कागदांची भाषांतरं करते. खरेदीखतं, भाडेकरार असतातच, आणि चाकण, रांजणगाव, तळेगावला लागणाऱ्या मुलांची ऑफर लेटरंही सतत येतात, त्यामुळे तुमच्यासारखा कागद माझ्या रोजच्या बघण्यातला आहे. तुम्ही टाकलेले फोटो आणि ते मराठी मी दोन्ही शेजारी ठेवून वाचलं, त्यावरूनच सांगते.

सही इंग्रजी कागदावर होणार आहे, त्यामुळे उद्या काही वाद झाला तर इंग्रजीच बघितलं जाणार. मला मराठीत वेगळं कळलं होतं, मी वाचलंच नव्हतं, असं म्हणून सहसा सुटका होत नाही, सही केली म्हणजे अटी मान्य असंच धरतात (फसवून किंवा जबरदस्तीने सही घेतली असेल तर गोष्ट वेगळी). म्हणजे मराठी फक्त तुम्हाला समजण्यासाठी आहे, पण त्याच समजण्यावर तुम्ही होय-नाही ठरवणार, म्हणून ते इंग्रजीइतकंच कडक पाहिजे. इंग्रजीत जिथे कंपनीला मोकळीक आहे तिथे मराठीतही ती दिसली पाहिजे, आणि जिथे इंग्रजीच गोंधळाचं आहे तिथे मराठीतही तो गोंधळ तसाच दिसला पाहिजे. ॲपने काय केलंय तर सगळं गुळगुळीत केलंय, वाक्यं वाचायला बरी वाटतात पण कुणी काय करायचंच आहे आणि कुणाला काय करता येतं हा फरक त्यातून निघून गेलाय.

आधी फोटोंचं बोलू. तुम्ही चार फोटो टाकलेत आणि चौथ्याच्या तळाशी बारीक अक्षरात 'पेज फोर ऑफ सिक्स' असं आहे. म्हणजे दोन पानं राहिलीत, आणि ती बहुतेक पगाराची अनेक्शर असणार, म्हणजे शेवटी जोडलेला तो तक्ता. लोक तो तक्ता आकडे बघून सोडून देतात पण त्याच्या खालच्या बारीक टिपांमध्येच 'सॅलरी म्हणजे काय' आणि 'बोनस कधी मिळणार नाही' हे लिहिलेलं असतं. दुसरं, तिसऱ्या फोटोत पान उजवीकडे वळलंय आणि जॉइनिंग बोनसच्या ओळीचे शेवटचे काही शब्द कडेला गेलेत. ॲपला ते दिसले नाहीत म्हणून त्याने उरलेल्या शब्दांचं छान पूर्ण वाक्य करून दिलं आणि काही गळलंय याचा तुम्हाला पत्ताच लागला नाही. फोटोवरून भाषांतर करताना मला सगळ्यात जास्त धास्ती याचीच वाटते, कारण चुकीचा शब्द खटकतो तरी, गळलेला शब्द खटकत नाही.

म्हणून आज एक करा, एचआरला मेल करून सहाही पानांची पीडीएफ मागा, बहुतेक वेळा ती भावाच्या मेलमध्येच पडलेली असते आणि हातात मिळते ती तिचीच प्रिंट. पीडीएफ नसेलच तर पान सपाट टेबलावर ठेवून खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, एका फोटोत एकच पान, चारही कोपरे दिसतील असा फोटो काढा आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबून छोटं करतं आणि 3 चा 8, 30 चा 80 वाटायला लागतो. मग भाषांतराला हात लावायच्या आधी मूळ कागदावरचे सगळे आकडे, तारखा, दिवस, महिने एका कागदावर कलमाच्या नंबरासकट उतरवून घ्या. मराठी झाल्यावर एकेक आकडा टिक करायचा. हे मी प्रत्येक कागदाला करते.

आता प्रोबेशन. तुमच्या दुसऱ्या फोटोतलं कलम उच्चाराने लिहायचं तर असं आहे: 'यू शॅल बी ऑन प्रोबेशन फॉर सिक्स मंथ्स फ्रॉम द डेट ऑफ जॉइनिंग, विच मे बी एक्स्टेंडेड बाय द कंपनी ॲट इट्स सोल डिस्क्रिशन फॉर अ फर्दर पीरियड नॉट एक्सीडिंग थ्री मंथ्स. अनलेस कन्फर्म्ड इन रायटिंग, यू शॅल बी डीम्ड टू कंटिन्यू ऑन प्रोबेशन.' ॲपने केलंय: 'तुम्ही सहा महिने परिवीक्षेवर असाल, जी कंपनी तीन महिन्यांनी वाढवू शकते. लेखी पुष्टी न झाल्यास तुम्ही परिवीक्षेवर राहाल.'

वरवर ठीक वाटतं ना? पण 'तीन महिन्यांनी वाढवू शकते' हे वाचून कुणालाही वाटेल की तीन महिन्यांनंतर पुन्हा वाढवणार, किंवा दर तीन महिन्यांनी वाढवत जाणार. मूळात वाढ जास्तीत जास्त तीन महिन्यांची आहे. 'सोल डिस्क्रिशन' तर गायबच झालंय, म्हणजे वाढवायचं की नाही हे फक्त कंपनी ठरवणार आणि कारण देण्याचं बंधन पत्रात नाही, ही गोष्टच मराठीत नाही. आणि 'पुष्टी' वाचून तुम्हाला काय कळलं? आपण बोलताना 'कायम केलं', 'पर्मनंट केलं', 'कन्फर्म झाला' म्हणतो. मी असं करीन:

'रुजू झाल्याच्या तारखेपासून सहा महिने तुम्ही प्रोबेशनवर राहाल. हा काळ कंपनी फक्त स्वतःच्या मर्जीने आणखी जास्तीत जास्त तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकेल. तुम्हाला लेखी कन्फर्म केलेलं नसेल, तर तुम्ही प्रोबेशनवरच आहात असं मानलं जाईल.'

भाषा संचालनालयाच्या न्याय व्यवहार कोशात यासाठी जड शब्द आहेत आणि कोर्टात दाखल करायच्या भाषांतरात मी ते वापरते, पण घरी समजून घ्यायच्या कागदात प्रोबेशन आणि कन्फर्म हेच शब्द ठेवते. अट एवढीच की एकदा कन्फर्म म्हटलं की संपूर्ण पत्रात कन्फर्मच म्हणायचं, एका ठिकाणी कायम, दुसरीकडे पुष्टी, तिसरीकडे नियमित असं चालणार नाही, का ते पुढे कळेल.

आता नीट बघा, या कलमात एक गाठ आहे. वाढ तीन महिन्यांच्या वर नाही म्हणजे जास्तीत जास्त नऊ महिने, पण दुसरं वाक्य म्हणतं लेखी मिळेपर्यंत प्रोबेशन चालूच. मग नऊ महिने झाले आणि पत्रच आलं नाही तर? सरकारी नोकऱ्यांच्या खटल्यांत सुप्रीम कोर्टाने यावर बरंच म्हटलंय. ढोबळ मानाने, नियमात कमाल मुदत ठरलेली असेल आणि त्यापुढे माणसाला तसंच कामावर ठेवलं तर तो कन्फर्म झाला असं धरता येतं, पण नियमात कन्फर्म करण्यासाठी वेगळा आदेश लागेल असं असेल तर नुसते महिने उलटून कन्फर्म होत नाही. तुमच्या पत्रात दोन्ही प्रकारची भाषा आहे, खाजगी कंपनी आहे, त्यामुळे कोण बरोबर हे मी इथून सांगू शकत नाही आणि भाषांतर करणाऱ्याने ठरवूही नये. मराठीत दोन्ही वाक्यं जशीच्या तशी ठेवायची आणि बाहेर वेगळी टीप लिहायची की इथे एचआरला विचारा. टीप वाक्याच्या पोटात घुसवायची नाही, नाहीतर कंपनीचं म्हणणं कुठलं आणि माझं कुठलं हे तुम्हाला वेगळं करता येणार नाही.

नोटीसचं कलम याच गाठीला बांधलेलं आहे. प्रोबेशनमध्ये पंधरा दिवस आणि 'आफ्टर कन्फर्मेशन, आयदर पार्टी मे टर्मिनेट धिस एम्प्लॉयमेंट बाय गिव्हिंग सिक्स्टी डेज रिटन नोटीस ऑर सॅलरी इन लियू देअरऑफ. हाउएव्हर, ॲक्सेप्टन्स ऑफ सॅलरी इन लियू ऑफ नोटीस फ्रॉम द एम्प्लॉयी शॅल बी ॲट द सोल डिस्क्रिशन ऑफ द कंपनी.' ॲपने 'आयदर पार्टी' चं 'दोन्ही पक्ष' केलंय, त्यावरून असं वाटतं की दोघांनी मिळून नोकरी संपवायची. खरं म्हणजे दोघांपैकी कुणीही एकटा संपवू शकतो. दुसरं वाक्य ॲपने 'पगाराची स्वीकृती कंपनीच्या विवेकबुद्धीनुसार असेल' असं केलंय, ते तर मलाही मूळ बघितल्याशिवाय कळलं नसतं. मी केलेलं असं:

'कन्फर्म झाल्यानंतर, दोघांपैकी कोणीही साठ दिवसांची लेखी नोटीस देऊन किंवा तिच्याऐवजी "सॅलरी" देऊन ही नोकरी संपवू शकेल. मात्र कर्मचाऱ्याकडून नोटीसऐवजी "सॅलरी" घ्यायची की नाही, हे फक्त कंपनी ठरवील.'

आता कळतं बघा. कंपनी भावाला दोन महिन्यांचे पैसे देऊन उद्या घरी पाठवू शकते, पण भाऊ दोन महिन्यांचे पैसे भरून उद्या निघू शकेलच असं नाही, कंपनी म्हणू शकते पैसे नकोत, साठ दिवस काम कर. पहिलं वाक्य समान वाटतं आणि दुसरं ते समान ठेवत नाही. नवीन कंपनी जेव्हा म्हणते 'तीस दिवसांत जॉइन हो, बायआउट आम्ही करू', म्हणजे उरलेल्या नोटीसचे पैसे आम्ही भरू, तेव्हा मुलं इथेच अडकतात.

आणि मी सॅलरी शब्द अवतरणात का ठेवला ते सांगते. मूळ इंग्रजीत या कलमात तो मोठ्या एसने लिहिलाय आणि तुमच्याच पत्रात दुसऱ्या ठिकाणी छोट्या एसनेही आहे. करारात मधेच मोठ्या अक्षराने सुरू होणारा शब्द बहुतेक वेळा सांगत असतो की या शब्दाची व्याख्या कुठेतरी दिलेली आहे. आपल्या लिपीत मोठं-छोटं अक्षर नाही, त्यामुळे मराठीत 'पगार' लिहिलं की ती खूण पुसली जाते. म्हणून व्याख्या असलेला प्रत्येक शब्द मी अवतरणात ठेवते. तुमच्या बाबतीत ती व्याख्या त्या न टाकलेल्या दोन पानांत असण्याची शक्यता जास्त आहे. पत्रात बेसिक १४,००० आणि ग्रॉस २८,००० दिलंय. सॅलरी म्हणजे बेसिक असेल तर साठ दिवसांचे, म्हणजे साधारण दोन महिन्यांचे, २८,००० होतात, ग्रॉस असेल तर ५६,०००. एका शब्दावर अठ्ठावीस हजार रुपये अडकलेत, आणि ॲपच्या मराठीत नुसतं 'पगार' आहे.

तेवढंच अजून एक, साठ दिवस म्हणजे कॅलेंडरचे की कामाचे हे पत्रात नाही. सहसा कॅलेंडरचेच धरतात, पण न लिहिलेलं भाषांतरात लिहायचं नाही, 'साठ दिवस' एवढंच ठेवायचं. 'दोन महिने' सुद्धा करायचं नाही.

आता बोनस, आणि इथे जरा थांबून वाचा कारण तुमच्या पत्रात बोनस नावाच्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ॲपने तिन्हीला बोनसच म्हटलंय.

पहिला परफॉर्मन्स बोनस. 'यू विल बी एलिजिबल फॉर ॲन ॲन्युअल परफॉर्मन्स बोनस ऑफ अप टू रुपीज थर्टी सिक्स थाउजंड, पेएबल ओन्ली टू कन्फर्म्ड एम्प्लॉयीज हू आर ऑन द रोल्स अँड नॉट सर्व्हिंग नोटीस ऑन द डेट ऑफ पेआउट.' ॲप म्हणतं 'तुम्ही ३६,००० रुपयांच्या वार्षिक बोनससाठी पात्र असाल'. 'अप टू' गेलं, ते सगळ्यात महत्त्वाचं होतं. शून्य ते छत्तीस हजार यातलं काहीही. एलिजिबल म्हणजे तुमचा विचार होईल, मिळणारच असं नाही. मी लिहीन: 'वर्षाला जास्तीत जास्त ३६,००० रुपयांपर्यंतच्या परफॉर्मन्स बोनससाठी तुमचा विचार होऊ शकेल. तो फक्त अशाच कर्मचाऱ्यांना देय राहील जे कन्फर्म आहेत, बोनस देण्याच्या तारखेला कंपनीच्या पटावर आहेत आणि त्या दिवशी नोटीस पिरियडमध्ये नाहीत.' तिन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हायला हव्यात. पॅकेज सांगताना हे छत्तीस हजार सीटीसीत धरलेले असतात, म्हणून महिन्याला तीन हजार हातात येतील असा हिशोब घरी करू नका.

आणि बघा, कन्फर्म शब्द परत आला. पहिल्या कलमात पुष्टी, दुसऱ्यात कायम आणि इथे नियमित कर्मचारी असं मराठी असतं तर ही तिन्ही कलमं एकाच पत्रावर, म्हणजे कन्फर्मेशनच्या पत्रावर, टांगलेली आहेत हे तुम्हाला दिसलंच नसतं. ते पत्र आलं की नोटीस पंधरावरून साठ दिवसांवर जाते आणि बोनसचं दार उघडतं. ते आलं नाही तर नोटीस पंधरा दिवसांचीच, बोनस नाही, आणि कंपनीही पंधरा दिवसांत काढू शकते.

दुसरा जॉइनिंग बोनस, २५,०००, पहिल्या पगाराबरोबर. ॲपच्या मराठीत '१२ महिन्यांच्या आत राजीनामा दिल्यास संपूर्ण रक्कम परत करावी लागेल' असं आहे. हीच ती वळलेल्या पानाची ओळ. मी फोटो मोठा करून बघितला तर 'रिझाइन ऑर' पर्यंत वाचता येतं आणि पुढचं कडेला गेलंय. 'ऑर' आहे म्हणजे पुढे अजून एक प्रसंग आहे. अशा कलमात तिथे बहुतेक वेळा 'आर टर्मिनेटेड फॉर एनी रीझन' असतं, म्हणजे कंपनीने काढलं तरी पैसे परत करायचे. पण तुमच्या पत्रात तेच आहे असं मी म्हणणार नाही, पीडीएफ आल्यावर बघा. आणि सबंध रक्कम परत की जितके महिने राहिले तेवढ्याच प्रमाणात, तेही बघा. मूळात 'एंटायर' दिसतोय, म्हणजे अकराव्या महिन्यात सोडलं तरी पंचवीसच्या पंचवीस.

तिसरा कायद्याचा बोनस, तो लेटरमध्ये 'स्टॅट्युटरी बोनस' म्हणून एका ओळीत आहे. हा कंपनीच्या मर्जीवर नसतो. १९६५ च्या बोनस कायद्यात कमीत कमी ८.३३ टक्के आणि जास्तीत जास्त २० टक्के असं होतं, वर्षात किमान ३० दिवस काम केलेलं पाहिजे, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही हेच आकडे आलेत. तो मिळण्यासाठी पगाराची एक मर्यादा असते, ती सरकार ठरवतं. ८.३३ टक्के ऐकून पूर्ण पगारावर हिशोब करू नका, जुन्या कायद्यात तो महिन्याला ७,००० किंवा किमान वेतन यातलं जे जास्त असेल त्यावर धरायचे, सात हजारावर धरला तर वर्षाचे साधारण सात हजार होतात. पण मुद्दा असा की परफॉर्मन्स बोनसवरची 'त्या तारखेला पटावर पाहिजे' ही अट या बोनसला लावून तो बुडवता येत नाही. चोरी, अफरातफर, मारामारी अशा कारणांनी बडतर्फ झाला तर गोष्ट वेगळी. म्हणून भाषांतरात या तिघांना तीन वेगळी नावं पाहिजेत आणि कुठली अट कुणाला लागते ते स्पष्ट पाहिजे. कुणी कुणी बोनसला सानुग्रह अनुदान लिहितात, ते करू नका. महापालिकेच्या लोकांना दिवाळीत मिळतं ते सानुग्रह, त्याचा अर्थच हक्क म्हणून न देता खुशीने दिलेली रक्कम असा होतो, कायद्याच्या बोनसला ते नाव दिलं तर हक्काचीच खुशी होऊन बसते.

आता हे सगळं एकत्र लावून बघा. समजा भाऊ १ जुलैला रुजू झाला. ३१ डिसेंबरला सहा महिने झाले, कन्फर्मचं पत्र आलं नाही, वाढवल्याचंही आलं नाही. १० फेब्रुवारीला त्याला दुसरीकडे चांगली नोकरी मिळाली आणि त्याने राजीनामा दिला. पत्राच्या दुसऱ्या वाक्याप्रमाणे तो अजून प्रोबेशनवर मानला जाईल, म्हणजे पंधरा दिवस, २५ फेब्रुवारीला मोकळा. जॉइनिंग बोनसचे पंचवीस हजार परत करावे लागणार कारण बारा महिने झाले नाहीत. परफॉर्मन्स बोनस नाही. कायद्याचा बोनस मात्र, पगाराच्या मर्यादेत बसत असेल तर, जितके महिने काम केलं त्या हिशोबाने मागता येतो. आता याच माणसाला १ जानेवारीला कन्फर्म केलं असतं तर? साठ दिवस, म्हणजे ११ एप्रिलपर्यंत थांबायचं, आणि लवकर जायचं असेल तर आधी कंपनीने हो म्हणायला पाहिजे आणि मग अठ्ठावीस की छप्पन हजार हा प्रश्न. ॲपच्या मराठीवरून हा हिशोब करून बघा, जमणारच नाही, कारण लागणारे शब्दच त्यात नाहीत. भाषांतर झालं की मी नेहमी अशी एक खोटी तारीख घेऊन आधी मराठीवरून आणि मग इंग्रजीवरून हिशोब करते, दोन्ही उत्तरं एक आली पाहिजेत. घरी इंग्रजी जाणणारं कुणी नसेल तर गावातल्या एखाद्या शिक्षकांना किंवा ओळखीच्या वकिलांना फक्त इंग्रजी देऊन, हीच तारीख घेऊन नोटीस किती दिवसांची आणि तिन्ही बोनसचं काय होतं ते विचारा, आपलं मराठी त्यांना आधी दाखवू नका, नाहीतर ते तुमच्या मराठीलाच मान डोलावतात.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत हे मान्य करते. भाऊ शॉप फ्लोअरवर हाताने काम करणार असेल तर पद काहीही लिहिलेलं असो, कामगार म्हणून त्याला कायद्याचं आणि कंपनीच्या स्थायी आदेशांचं, म्हणजे कामगारांसाठीच्या सेवानियमांचं, जास्त संरक्षण मिळू शकतं, आणि पत्रातलं एखादं कलम त्यापुढे टिकणार नाही. पदाचं नाव 'ट्रेनी' आहे की 'ॲप्रेंटिस' तेही बघा, ॲप्रेंटिस असेल तर कायद्याच्या बोनसचा हक्क नाही. तसंच पैसे परत करायच्या कलमात आकडा लिहिला म्हणून कोर्ट तेवढा पूर्ण देईलच असं नसतं, करार कायद्याच्या कलम ७४ मध्ये वाजवी भरपाई असा निकष आहे आणि लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा. पण हे सगळं वकिलांचं क्षेत्र. उद्या कोर्टात हे टिकणार नाही असं वाटलं म्हणून भाषांतरात कलम मऊ करायचं नसतं, जे लिहिलंय ते तितकंच कडक दिसू द्यायचं.

एचआरला मेल लिहा, इंग्रजी येत नसेल तर मराठीत लिहा, पुण्यातल्या एचआरला मराठी कळतं. मजकूर साधा: 'ऑफरबद्दल आभार. सही करण्याआधी चार गोष्टी स्पष्ट करून हव्यात. एक, नोटीसऐवजी द्यायची सॅलरी म्हणजे बेसिक की ग्रॉस. दोन, नऊ महिन्यांनंतर कन्फर्मेशनचं पत्र नसेल तर माझी स्थिती आणि नोटीस पिरियड काय राहील. तीन, कंपनीने नोकरी संपवली तर जॉइनिंग बोनस परत करायचा का. चार, सहाही पानांची पीडीएफ पाठवावी.' यात उद्धट असं काही नाही, रोज असे प्रश्न येतात त्यांना.

फक्त मेलवर उत्तर आलं की काम झालं असं समजू नका. तुमच्या चौथ्या पानावर शेवटून दुसरं कलम वाचा, त्यात म्हटलंय की हे पत्र म्हणजेच संपूर्ण करार आणि आधीची सगळी बोलणी, पत्रव्यवहार यापुढे गैरलागू. म्हणजे सहीच्या आधी एचआरने मेलवर 'हो हो, बेसिकच धरतो' म्हटलं तरी सही केल्यावर ते याच कलमाने बाद ठरवता येईल. त्यामुळे उत्तर पत्रातच आलं पाहिजे, एकतर सुधारित पत्र किंवा कंपनीच्या सही-शिक्क्याची एक ओळीची पुरवणी, 'क्लॉज अमुकमधील सॅलरी म्हणजे मासिक बेसिक'. कंपनी देत नसेल तर निदान मेल जपून ठेवा आणि वाईटातला वाईट अर्थ धरून, म्हणजे छप्पन हजार धरून, होय-नाही ठरवा.

मराठी कागदाला नोटरी, स्टॅम्प, प्रमाणित शिक्का काही लागत नाही, त्यावर पैसे घालवू नका, ते कोर्टात किंवा सरकारी ऑफिसात दाखल करायचं असेल तेव्हा. कुणी एचआरने मराठी प्रतीवरही सही मागितली तर मात्र त्यात 'फरक आढळल्यास इंग्रजी ग्राह्य' आहे की 'मराठी ग्राह्य' ते आधी वाचा.

पीडीएफ आली की पाच आणि सहा नंबरची पानं इथेच टाका, भावाचं नाव, पत्ता, आधार नंबर, कंपनीचं नाव झाकून, पहिल्या चार फोटोंतलंही झाकून पुन्हा टाका कारण आत्ता सगळं उघडं दिसतंय. सॅलरीची व्याख्या आणि जॉइनिंग बोनसची ती तुटलेली ओळ मी गुरुवारी संध्याकाळपर्यंत बघून सांगते.